तेरीज जुळली, तरी : लुका पाचोलीचे ठिपके

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरचा जाडजूड ग्रंथ छापला गेला. ‘सुम्मा’ या नावाने तो ओळखला जातो. त्यातला एक लहानसा भाग व्यापाऱ्यांच्या वह्यांविषयी आहे. दुहेरी नोंदीची पद्धत पाचोलीने शोधली असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, ते खरं नाही. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. याने ती मांडली आणि छापली.

या भागाच्या शेवटी तो सांगतो, जुनी वही बंद करताना एक कागद घ्या. खतावणीतल्या सगळ्या खात्यांच्या नावेच्या रकमा डावीकडे लिहा, जमेच्या उजवीकडे. दोन्ही बाजूंची बेरीज करा. सारखी आली तर वही नीट ठेवली आहे असं समजा; नाही आली, तर कुठेतरी चूक आहे, ती कसून शोधा. आपण जिला तेरीज म्हणतो तिचं हे जुनं रूप. आज आपण बहुतेक वेळा प्रत्येक खात्याची फक्त शिल्लक मांडतो, एवढाच फरक.

आता एक कल्पित व्यापारी घेऊ. त्याने १००० डुकाट भांडवल घातलं. ४०० ची मिरी रोख घेतली, त्यातली काही ३०० ला एका गिऱ्हाइकाला उधार विकली, आणि वखारीचं ५० भाडं दिलं. मग नावेच्या बाजूला रोकड ५५०, मिरीच्या खात्यावर १००, गिऱ्हाइकाकडे येणे ३००, भाडे ५०. बेरीज १०००. जमेला भांडवल १०००. जुळलं.

समजा कारकुनाने गिऱ्हाइकाच्या खात्यावर ३०० ऐवजी ३० चढवले. मिरीला मात्र ३०० बरोबर जमा केले. डावी बाजू ७३० होते, फरक २७० चा, आणि तेरीज लगेच बोंब मारते. इथवर ती कामाची आहे.

पण तेच ३०० त्याने दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या नावावर लिहिले तर? बाजू तीच, रक्कम तीच. बेरीज १०००. आणि वसुलीचा माणूस भलत्याच दारात उभा! किंवा रोजकीर्दीतच ३०० चे ३० झाले, आणि तिथून दोन्ही खात्यांवर ३०-३० गेले. आता नावेला रोकड ५५०, मिरी ३७०, येणे ३०, भाडे ५०. करून बघा, पुन्हा १०००. विक्री मुळात लिहिलीच नाही, तरीही १०००. तेरीज विचारते एकच: नावे आणि जमा समान आहेत का? व्यवहार खरा आहे का, खातं योग्य आहे का, हे तिला विचारताच येत नाही.

पाचोलीला हे कळलं असावं, असं मला वाटतं. कारण बेरजेच्या आधी तो दुसरंच एक काम करायला लावतो. दोन माणसं बसतात. सोबत्याच्या हातात रोजकीर्द, मालकाच्या हातात खतावणी. सोबती एकेक नोंद मोठ्याने वाचतो, मालक ती खतावणीत दोन्ही ठिकाणी शोधतो, आणि सापडली की ठिपका. आपल्याकडे ऑडिटला आलेली मुलं टिक करतात ना, तेच. सगळं झाल्यावर खतावणीत बिनठिपक्याची नोंद उरली, तर ती जास्तीची; रोजकीर्दीत उरली, तर ती चढवायची राहिलेली. आपला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा घोळ इथे सापडतो, कारण पहिल्याच्या पानावर ३०० दिसतच नाहीत.

रोजकीर्दीतच ३० लिहिले असतील तर मात्र ठिपकेही बरोबर पडतात. तिथे वहीबाहेर जावं लागतं: गिऱ्हाइकाची चिठ्ठी, वखारीतली उरलेली मिरी, येणेकऱ्याला विचारणं.

हे फार जुनं वाटेल, म्हणून २००२ सालची अमेरिकेतली वर्ल्डकॉम घ्या. ही टेलिफोन कंपनी दुसऱ्यांच्या तारा वापरण्याचे पैसे देई. तो खर्च. तिथल्या वरिष्ठांनी त्यातली मोठी रक्कम खर्चाच्या खात्यातून काढून मालमत्तेच्या खात्यात टाकायला लावली. खर्चही नावे, मालमत्ताही नावे. रक्कम एकाच बाजूला वरून खाली सरकली. बेरीज हलली नाही, नफा मात्र फुगला. जून २००२ मध्ये कंपनीने जाहीर केलेला आकडा ३.८ अब्ज डॉलरचा होता, पुढे तो आणखी वाढला. पकडलं ते सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने. त्यांनी त्या नोंदींमागचे कागद मागितले, आणि ते कुणालाच दाखवता आले नाहीत.