विड्यातलं पान कुठे गेलं?

चरकसंहितेत विडा कुठे आहे हे पाहिलं की त्याच्याबद्दलचा एक समज हलतो. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दिनचर्या सांगताना तो येतो आणि त्याच्या शेजारी आहेत दात घासणं आणि जीभ खरवडणं. जायफळ, सुपारी, कंकोळ, लवंग, कापूर, वेलची आणि तांबुलाचं पान या वस्तू तोंडात धराव्यात, त्याने तोंड स्वच्छ राहतं, रुची येते, वास चांगला येतो, असं तिथे म्हटलंय. गिळा असं नाही, धरा. आपण ज्याला ‘जेवण जिरवणारा विडा’ म्हणतो, त्याचं मूळ काम तोंडाचं होतं. जेवणानंतर विडा घ्यायला सुश्रुत सांगतो खरा, पण झोपेतून उठल्यावर, आंघोळीनंतर आणि उलटी झाल्यावरही सांगतो. म्हणजे पुन्हा तोंडाचाच विचार. शिवाय त्याने कोणी घेऊ नये याची यादीही दिली आहे: रक्तपित्ताचा रोगी, जखमी, अशक्त, तहानेने व्याकूळ झालेला, तोंड कोरडं पडणारा. विड्याचं कौतुक करणारे ही यादी सहसा वाचत नाहीत.

विडा मुळात आपला नव्हेच. वेदवाङ्मयात तो दिसत नाही. पानवेल आणि सुपारीचं झाड दोन्ही आग्नेय आशियाकडची, आणि ‘तांबूल’ हा शब्दही तिकडच्याच भाषांतून संस्कृतात आला असं बरेच अभ्यासक मानतात. फिलिपीन्समधल्या पलावान बेटावर दुयोंग नावाच्या गुहेत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्या माणसाच्या जवळ शिंपले होते आणि शिंपल्यांत चुना होता. चुनाळ्याचा इतका जुना पुरावा क्वचितच मिळतो. समुद्रमार्गाने ही सवय दक्षिण भारतात उतरली आणि इथल्या माणसांनी तिला लवंग, वेलदोडा, जायपत्री, कापूर असा साज चढवला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी तांबुलाच्या इतिहासाचा चिकाटीने पाठपुरावा केला. ज्यांना या प्रवासाचे टप्पे बघायचे असतील त्यांनी त्यांचे लेख काढून वाचावेत.

मला मात्र या सगळ्यात वराहमिहिराचे चार-दोन श्लोक सगळ्यात मोलाचे वाटतात. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांबद्दल लिहिताना विड्याच्या प्रमाणावर येतो. चुना बेताचा असेल तर रंग चढतो, सुपारी जास्त झाली तर रंग बिघडतो, चुना जास्त झाला तर तोंडाला घाण येते आणि पान जास्त असेल तर वास छान येतो. रात्री पान जास्त घ्यावं, दिवसा सुपारी. या तीन जिनसांपैकी कोणाला मोकळं सोडायचं आणि कोणाला धाक ठेवायचा हे त्याला नेमकं ठाऊक होतं. पुढे दीड हजार वर्षांत नेमकी हीच मर्यादा सुटली.

ती कशी सुटली हे कळायला आधी आपल्याकडच्या विड्याचे घटक पाहू. पान मिरजेकडच्या पानमळ्यातलं. तिथे वेलाला आधार आणि सावली म्हणून शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा लावतात आणि वेल फार उंच गेला की तो खाली उतरवून पुन्हा मातीत दाबतात. सुपारी कोकणातली, श्रीवर्धनची रोठा नावाजलेली. कात म्हणजे खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून आटवलेला अर्क, आणि कातकऱ्यांची जमात याच कामावरून ओळखली गेली. चुना कधी शिंपल्यांचा, कधी चुनखडीचा. माहूरगडावर रेणुकेला दिला जाणारा तांबूल तर हे सगळं कुटून केलेला असतो, म्हणजे दात नसलेल्या भाविकालाही प्रसाद खाता येतो.

आता असा साधा विडा तोंडात गेल्यावर काय होतं ते बघा. सुपारीत ॲरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. चुन्यामुळे तोंडातला रस अल्कधर्मी झाला की हे द्रव्य गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात शिरतं. ते मज्जासंस्थेच्या ज्या तारा छेडतं, त्याच तारा लाळ सुटण्याच्या आणि आतड्यांच्या हालचालीच्या असतात. म्हणून लाळ येते, पोटात गुरगुरतं, आणि सवय नसलेल्या माणसाला कपाळावर घाम फुटतो, गरगरतं. सुपारी लागली म्हणतात ते हेच. कात आणि सुपारीतली तुरट द्रव्यं चुन्याबरोबर हवेशी संयोग पावून तो लाल रंग देतात. ‘विड्याने पोट हलकं झालं’ हा अनुभव खोटा नाही, पण त्यातला जोराचा भाग सुपारीकडून येतो. आणि सुपारी हीच त्या तबकातली सगळ्यात घातक वस्तू आहे.

हे निश्चित व्हायला वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखू घातलेला विडा कर्करोगजनक ठरवला, तेव्हा पुष्कळांना वाटलं की दोष तंबाखूचा. तंबाखू तशी उशिरा आलेली पाहुणी. पोर्तुगीज व्यापाराबरोबर दख्खनेत आली आणि अकबराचा वकील असद बेग विजापूरहून ती बादशहाकडे घेऊन गेला, ते सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. पण मग तैवानमधले पुरावे पुढे आले. तिथे विड्यात तंबाखू नसतेच, तरी तोंडाचा कर्करोग भरपूर. २००३ मध्ये त्याच संस्थेने तंबाखू नसलेला विडाही आणि नुसती सुपारीही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या वस्तूंत टाकली.

त्याआधी एक वेगळा आजार डॉक्टरांच्या नजरेत आला होता. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाची आतली त्वचा कडक होत जाण्याचं वर्णन केलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशींनी त्याला तंतुमयतेचं नाव दिलं. सुरुवात भाजीच्या तिखटाने होते. नेहमीचीच आमटी तोंडात जळजळायला लागते. मग गालाच्या आत फिकट, पांढरट डाग पडतात, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. मग तोंड उघडेनासं होतं. घरी करता येईल अशी एक तपासणी आहे: आपलीच मधली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघायची. नीट जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. ॲरेकोलिन पेशींना जास्त तंतू विणायला लावतं, सुपारीतलं तांबं त्या तंतूंना गाठी मारतं आणि तुरट द्रव्यं त्या गाठी सुटू देत नाहीत. त्यामुळे सुपारी सोडली तरी आवळलेलं तोंड सहसा पुन्हा सैल होत नाही. वाढ थांबू शकते, आणि त्यासाठीच लवकर सोडायची.

सुपारी पूर्वीही होतीच, मग आताच एवढं का? कारण विड्यातून पान गेलं. १९७०च्या दशकात पानमसाल्याच्या डब्या आल्या, मग पुड्या. पुडीत पान नाही, कारण पान ओलं, ते टिकत नाही. पुडीत सुपारी, कात, चुना आणि सुगंध. दिवसातून दोनदा जेवणानंतर खायची वस्तू चहाच्या टपरीवर दर तासाला खाल्ली जाऊ लागली आणि कोवळी मुलं ती खिशात बाळगायला लागली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. ती किती पाळली जाते हे टपरीवाल्याला विचारायची गरज नाही, रस्त्याच्या कडेला पडलेल्या पुड्याच सांगतात.

मग पानाचं काय? नुसत्या पानात युजेनॉलसारखी, लवंगेतलीच सुगंधी तेलं असतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९९०च्या दशकात उंदरांना पान खायला घालून पाहिलं. स्निग्ध पदार्थ पचवणारं स्वादुपिंडातलं विकर वाढलं, पित्तात मात्र फरक पडला नाही. उंदरांत दिसलं म्हणजे बासुंदी खाल्लेल्या माणसात दिसेल असं नाही, तरी ही गोष्ट निदान सुपारीपेक्षा प्रामाणिक आहे. चावण्याने जी लाळ येते, ती घशाशी आलेलं आम्ल थोडं शमवते. तेवढा फायदा चघळण्याच्या कुठल्याही निरुपद्रवी वस्तूने होतो.

निरुपद्रवी म्हटलं की बडीशेप आठवते. ती भूमध्यसागराच्या बाजूची, आता गुजरातेत उंझ्याच्या बाजारात ढिगांनी येते. तिच्यातलं ॲनेथॉल आतड्याच्या स्नायूंचा आवळ सैल करतं, त्यामुळे अडकलेला वायू सरतो. हे काम सुपारीच्या नेमकं उलट आहे: सुपारी आतडं चाळवते, बडीशेप शांत करते. युरोपातली औषध नियामक संस्था पोट फुगण्याच्या किरकोळ तक्रारींसाठी दीड ते अडीच ग्रॅम बडीशेप नुकतीच कुटून, उकळत्या पाण्यात भिजवून, दिवसातून तीनदा घ्यायला मान्यता देते, तीही परंपरेच्या आधारावर, खात्रीच्या चाचण्यांवर नव्हे. आता हिशोब करा. चहाचा एक चमचा बडीशेप म्हणजे साधारण दोन ग्रॅम. हॉटेलच्या काउंटरवरची चिमूट त्याच्या निम्मीही नसते, आणि रंगीत गोळ्यांत बडीशेपेपेक्षा साखरच जास्त. शिवाय तेल दाण्याच्या आतल्या नळ्यांत असतं. दाणा दातांनी फोडला नाही तर तो अखंडच जातो आणि तुम्हाला फक्त वास मिळतो.

तीच नियामक संस्था चार वर्षांखालच्या मुलांना ही द्यायला नको म्हणते, आणि मोठ्यांनाही दोन आठवड्यांपेक्षा जास्त सलग घ्यायला नको म्हणते, कारण बडीशेपेत थोडंसं एस्ट्रॅगोल असतं आणि ते जास्त मात्रेत प्राण्यांमध्ये घातक ठरलंय. बाळाच्या पोटदुखीवर बडीशेपेच्या तेलाच्या द्रावणाची एक चाचणी झाली आहे आणि तिचा निकाल चांगला आला होता, पण ते द्रावण मोजून बनवलेलं होतं. घरात उकळलेला काढा तान्ह्या बाळाला पाजायच्या आधी बालरोगतज्ज्ञाला विचारावं. आपल्याकडे बाळंतशेप म्हणतात ती निराळी, शेपूच्या दाण्यांची, आणि आजीबाईंच्या बटव्यात दोघी बऱ्याचदा एकमेकींच्या नावावर खपतात.

मुखवासाच्या मिश्रणात आणखी दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. पेपरमिंट ज्यांना घशाशी आम्ल येतं त्यांचा त्रास वाढवतं, कारण ते अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली करतं. पूजेच्या डबीतला कापूर विड्यात घालू नये. त्याने लहान मुलांना झटके येतात.

विडा खायचाच असेल तर पानवाल्याला ‘सुपारी नको, तंबाखू नको’ असं दोन्ही सांगावं. नुसतं ‘साधं’ म्हटलं की तो सुपारी घालतोच. कोवळं पान, चुन्याचं पुसट बोट, बडीशेप, वेलदोडा, एक लवंग आणि वाटल्यास अर्धा चमचा गुलकंद. मधुमेहाच्या माणसाने गुलकंद वगळावा. चुना आणि कात घातले नाहीत तरी चालतं, पान लाल होत नाही एवढंच. चुन्याची पुडी मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती दाबताना फुटून डोळ्यात गेली तर डोळा जायची भीती असते, आणि असं झालंच तर आधी पाण्याने डोळा बराच वेळ धुवायचा आणि मग डॉक्टरांकडे धावायचं.