लांजी-सालेकसाच्या डोंगरातली तिशीव

मंडळी, मागच्या आठवड्यात आपल्या समूहात एका चिरंजीवाने विचारलं होतं, "बालाघाटजवळ तीन राज्यं मिळतात म्हणतात, पण नक्की कुठे? आणि ती जागा ठरवली कोणी?" प्रश्न चांगला आहे. उत्तर दोन ओळींत मावत नाही, म्हणून सवडीने लिहितोय.

जागा आधी सांगतो. आपल्या लांजी तहसिलीतून दक्षिण-पूर्वेला गेलं की जंगल आणि डोंगर सुरू होतात. पलीकडे महाराष्ट्राचा सालेकसा तालुका, आणि पूर्वेला छत्तीसगड, म्हणजे जुनी राजनांदगावची बाजू. या तिन्हींच्या हद्दी त्या डोंगरात एका ठिकाणी मिळतात. वर्तमानपत्रांत नक्षलवाद्यांच्या बातम्यांत 'एमएमसी झोन' वाचलं असेल, ती तिन्ही राज्यांची आद्याक्षरं. हद्द ओलांडली की पोलीस बदलतात, हा हिशेब त्या लोकांना चांगला ठाऊक होता.

आता ठरवली कोणी? गंमत अशी की त्या जागेवर बोट ठेवून कोणीच ठरवली नाही. तीन रेषा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी आखल्या गेल्या आणि त्या तिथे येऊन मिळाल्या.

पहिली रेषा 1867 ची. इंग्रजांनी भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला. दक्षिणेकडचा सपाट, धानाचा भाग भंडाऱ्यातून आला. म्हणजे लांजी आणि सालेकसा यांच्यामधली शीव ही एकाच जुन्या मुलखाच्या पोटातून काढलेली आहे. म्हणूनच दोन्हीकडे तीच बोली, तीच आडनावं, आणि तेच सोयरे. पूर्वेकडची बाजू मात्र वेगळी. डोंगरगडचा मुलूख खैरागड संस्थानात होता. 1948 साली ती संस्थानं मध्य प्रांतात विलीन झाली, मग तो भाग दुर्ग जिल्ह्यात आणि 1973 पासून राजनांदगाव जिल्ह्यात गेला.

पण तोवर या सगळ्या जिल्ह्यांच्याच हद्दी होत्या. प्रांत एकच, राजधानी नागपूर. तीन जिल्हे मिळतात, यापलीकडे त्या जागेला काही महत्त्व नव्हतं.

मग 1 नोव्हेंबर 1956 आला. राज्य पुनर्रचना कायद्याने मध्य प्रदेशातले आठ जिल्हे मुंबई राज्याला दिले: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा. आपलं बालाघाट त्या यादीत नव्हतं. नवा मध्य प्रदेश ज्या कलमाने झाला, तेही 'वरील जिल्हे सोडून उरलेला मुलूख' असंच म्हणतं. म्हणजे आपण कोणाच्या नावाने इकडे ठेवले गेलो नाही, उरलो म्हणून राहिलो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे बोचायचं. त्यांचे गोंदियाचे भाऊबंद तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणून ते तिकडे गेले. गाव किंवा भाषा पाहून रेघ ओढली नाही, जिल्हा अख्खा उचलला.

पुढे 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झालं, तेव्हाही तीच रीत. कायद्यात सोळा जिल्ह्यांची नावं, त्यात राजनांदगाव. त्या मध्यरात्री लांजीच्या डोंगरातली जागा तीन राज्यांची झाली. एक दगड हलला नाही, एक खुंटी ठोकली नाही.

फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीत. 31 ऑक्टोबरपर्यंत बालाघाटचं एखादं गाव राजनांदगावात टाकायचं असतं, तर भोपाळ सरकारच्या एका अधिसूचनेने झालं असतं. जिल्ह्यांच्या हद्दी बदलणं राज्य सरकारच्या हातात असतं. दुसऱ्या दिवशीपासून त्याच गावासाठी संसदेचा कायदा लागतो, संविधानाच्या कलम 3 प्रमाणे. जिल्ह्यांची नावं मात्र बदलत राहतात. 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला, ते मुंबईतून झालं. 2022 मध्ये राजनांदगावातून खैरागड-छुईखदान-गंडई निघाला, ते रायपूरमधून.

म्हणून नकाशात तीन रेघा मिळालेल्या दिसल्या की लगेच तीन राज्यं समजू नका. आपली, शिवनी आणि भंडारा यांचीही हद्द एके ठिकाणी मिळते. तिथे जिल्हे तीन, पण राज्यं दोनच, कारण शिवनी आपल्याच मध्य प्रदेशात. 2000 पूर्वी लांजीची जागा हुबेहूब अशीच होती.

मग नेमका बिंदू शोधायचा कसा? कायद्यात अक्षांश-रेखांश नाहीत. कायदा म्हणतो जिल्हा. जिल्हा म्हणजे त्याच्या तहसिली, तहसील म्हणजे तिची गावं, आणि गाव म्हणजे पटवाऱ्याकडचा गावनकाशा. असं उतरत उतरत शेवटी प्रश्न तीन गावांच्या शिवेवर येतो. जिथे तीन गावांची शिवारं एकमेकांना टेकतात तो दगड, आपल्याकडचे जुने पटवारी त्याला तिमेढा म्हणत. गाव वनग्राम असेल किंवा जंगल राखीव असेल, तर गावनकाशाऐवजी वनखात्याचे कक्ष आणि त्यांचे मुनारे बघावे लागतात.

नीट वर्णन करायचं तर तिन्ही बाजूंची तिन्ही नावं लिहावी लागतात: अमुक राज्य, जिल्हा, तहसील, गाव. मग तीन नकाशे शेजारी ठेवून पाहायचं की रेघा जुळतात का. बऱ्याचदा जुळत नाहीत. मध्य प्रांताचे जुने गावनकाशे एका मैलाला सोळा इंच या मापाचे. आम्ही आकडेवाले लोक, हिशेब करून पाहा: कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर जवळपास चार मीटर. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी दोन मीटरचा धुरा तिच्याखाली जातो. त्यात कागद पावसाळ्यात फुगतो, नक्कल करणाऱ्याचा हात हलतो. मग दोन गावांच्या नकाशांत कुठे फट दिसते, कुठे रेघ एकमेकींवर चढते.

मोबाइलवरच्या नकाशाचं तर विचारूच नका. मोकळ्या आभाळाखाली तो पाच-दहा मीटरमध्ये जागा सांगतो, झाडीखाली आणखी चुकतो. पण मोठी चूक त्या ठिपक्याची नसते, त्या स्क्रीनवर काढलेल्या हद्दीची असते. ती लहान मापाच्या नकाशावरून उतरवलेली, शंभर मीटर इकडेतिकडे सहज. फोटो काढून 'मी तीन राज्यांत उभा आहे' लिहायला हरकत नाही, पण त्यावरून जमिनीचा दावा करता येत नाही.

नदीवर अशी जागा असली की ओळखायला सोपी, सांभाळायला अवघड. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते. तिथे महाराष्ट्र, छत्तीसगड आणि तेलंगणा. 2014 पर्यंत तिसरा आंध्र होता. डोळ्यांनी दिसतं. पण दर पुराला वाळूचा पट्टा सरकतो आणि संगमही. डोंगरातला दगड सरकत नाही, फक्त सापडत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून नोकरीतली एक गोष्ट. आमच्या शाखेत पीककर्जाला एक शेतकरी येत. वाडवडिलांची जमीन सलग, मधून एक धुरा. धुऱ्याच्या अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे महाराष्ट्र. अलीकडच्या भागाचा खसरा आणि बी-1 पटवाऱ्याकडून, पलीकडच्याचा सातबारा तलाठ्याकडून. तारण नोंदवायचं तर दोन तहसील कार्यालयं, आणि नापिकीची आणेवारी दोन्हीकडे वेगळी. एका वर्षी पलीकडे दुष्काळ जाहीर झाला, अलीकडे नाही. पाऊस मात्र दोन्ही तुकड्यांवर सारखाच चुकला होता. त्यांच्या विहिरीचं पाणी तर पलीकडून अलीकडे रोज यायचं, त्याला कोणी कागद मागितला नाही.

लांजी, किरनापूर, आमगाव भागातल्या मंडळींकडे शिवेवरच्या जुन्या नकला असतील, तर फोटो टाका. गावाचं नाव, तहसील आणि साल सोबत लिहा, नुसता नकाशा टाकला तर कोणती बाजू कोणाची ते कळत नाही.