‘फुल सेट, जीएसटी एक्स्ट्रा, ७ दिवसांत ३% वटाव’: होलसेलवाल्यांच्या पोस्टचा नेमका अर्थ काय?

अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावात कपड्याचं छोटं दुकान असेल, तर मोबाइलवर रोज अशी एखादी पोस्ट येतेच:

“ओन्ली होलसेल. कॉटन कुर्ती २९५/- नग. साइज सेट एम ते डबल एक्सएल, ४ नग. किमान ५ सेट. जीएसटी आणि भाडं वेगळं. पहिली ऑर्डर अ‍ॅडव्हान्स, नंतर ३० दिवस उधारी. ७ दिवसांत पेमेंट केल्यास ३% वटाव. कॅटलॉगसाठी दुकानाच्या नावासह मेसेज करा.”

ही पोस्ट आम्ही उदाहरणासाठी तयार केली आहे, पण खऱ्या पोस्टही याच धर्तीच्या असतात. काही सुरतहून येतात, काही अमरावती-नागपूर महामार्गावरच्या बिझिलँड, सिटीलँड, ड्रीम्झलँड अशा घाऊक कापड संकुलांतल्या दुकानांकडून येतात. दुकानदाराची नजर आधी २९५ या आकड्यावर जाते. पण व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, हे त्याच्या पुढच्या ओळी ठरवतात. त्या एकेक करून समजून घेऊया.

किमान ऑर्डर: २९५ ची कुर्ती खरी कितीला पडते?

होलसेलवाला सुटा नग देत नाही, कारण तसा दिला तर त्याच्याकडे तुटलेले सेट पडून राहतात. म्हणून तो किमान ऑर्डर ठरवतो. ती सहसा तीन प्रकारे लिहिलेली असते: सेटमध्ये (सगळे साइज घ्यावे लागतात), बिलाच्या रकमेत (‘किमान बिल १० हजार’), किंवा पूर्ण कॅटलॉगमध्ये.

यातला तिसरा शब्द नवीन दुकानदाराला हमखास फसवतो. सुरतच्या साडी-ड्रेसच्या धंद्यात ‘कॅटलॉग’चे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे फोटो आणि भाव असलेली पीडीएफ. दुसरा म्हणजे एकाच नावाखाली निघालेला सहा-आठ डिझाइनचा पूर्ण संच. ‘फुल कॅटलॉग कम्पल्सरी’ असं लिहिलं असेल, तर त्यातली आवडलेली दोन डिझाइन निवडता येत नाहीत, पूर्ण संच उचलावा लागतो. ‘४५० ची साडी’ आठ डिझाइनच्या कॅटलॉगमधली असेल, तर तुमची सर्वात छोटी खरेदी ३,६०० रुपयांची आहे.

आता वरच्या कुर्तीचा हिशोब करू. ५ सेट म्हणजे २० नग. २९५ प्रमाणे ५,९०० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी २९५ रुपये. ट्रान्सपोर्टचं भाडं आणि हमाली मिळून ३५० रुपये धरू. एकूण झाले ६,५४५, म्हणजे एक नग दुकानात साधारण ३२७ रुपयांना पडला. (तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर कराचे २९५ रुपये क्रेडिट म्हणून मिळतात. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल तर तो खर्चच.)

४५० ला विकली तर २० नगांचे ९,००० येतील आणि २,४५५ रुपये सुटतील. कागदावर हे चांगलं दिसतं. पण समजा तुमच्या गिऱ्हाइकांत एम साइज चालतच नाही. पाच सेटमधले पाच एम नग पडून राहिले. विकले गेले १५, आले ६,७५०. हातात उरले फक्त २०५ रुपये आणि रॅकवर पाच कुर्त्या.

म्हणून किमान ऑर्डर वाचताना ‘एवढे पैसे आहेत का’ याच्याआधी ‘यातलं माझ्याकडे काय चालणार नाही’ हा प्रश्न विचारा. होलसेलवाल्याशी भावावर घासाघीस करून नगामागे पाच रुपये कमी झाले, तर २० नगांवर १०० रुपये वाचतात. त्याऐवजी ‘एम काढून एक्सएल दोन द्या’ हे मान्य झालं, तर त्याच्या कितीतरी पट वाचतात. काही जण हे मान्य करतात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरपासून. विचारायला हरकत नसते.

उधारीचे ३० दिवस कधीपासून मोजायचे?

पोस्टमध्ये फक्त ‘३० दिवस’ असतं. माल हातात आल्यापासून मोजायचे असं दुकानदार समजतो, पण बहुतेक होलसेलवाले बिलाच्या तारखेपासून मोजतात. सुरतहून निघालेलं पार्सल आधी अमरावती किंवा अकोल्याच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतं आणि तिथून अंजनगावला येतं. यात आठवडा गेला तर तुमच्या ३० दिवसांचे २३ च उरले.

दुसरी अडचण आपल्या भागाच्या हंगामाची आहे. दिवाळीचा माल दुकानदार पोळ्यानंतर, सप्टेंबरच्या सुरुवातीपासून भरतो. बिल १ सप्टेंबरचं असेल तर ३० दिवसांची मुदत १ ऑक्टोबरला संपते. पण वऱ्हाडात सोयाबीनचा पैसा ऑक्टोबरात यायला लागतो आणि कापसाचा त्याहून उशिरा. म्हणजे विक्री सुरू व्हायच्या आधीच वसुलीचा फोन येतो. अशा वेळी ६० दिवस मागणं किंवा अर्धा माल आत्ता आणि अर्धा महिनाभराने मागवणं जास्त सोयीचं. उशीर झाला तर व्याज किती, हेही आधी विचारा. अनेक बिलांच्या तळाशी ते बारीक अक्षरात छापलेलं असतं.

३% वटाव घ्यावा की उधारी वापरावी?

वटाव म्हणजे लवकर पैसे दिल्याबद्दलची सूट. समजा बिल ४०,००० रुपयांचं आहे. ७ दिवसांत दिले तर ३ टक्के, म्हणजे १,२०० रुपये सूट. नाहीतर ४५ दिवसांत पूर्ण रक्कम. ३८,८०० रुपये आणखी ३८ दिवस वापरण्यासाठी तुम्ही १,२०० रुपये मोजताय. वर्षाच्या हिशोबाने हे जवळपास ३० टक्के व्याज झालं!

बँकेची कॅश क्रेडिट सोय १२ टक्क्यांनी मिळत असेल, तर तेवढेच ३८,८०० रुपये ३८ दिवस वापरायला सुमारे ४८५ रुपये लागतील. म्हणजे बँकेतून काढून वटाव घेतला तर सातशे रुपये वाचतात. ‘बिनव्याजी उधारी’ म्हणतात ती फुकट नसते. तिचं व्याज भावात आधीच मिसळलेलं असतं.

याला एक अपवाद आहे. होलसेलवाला नवीन असेल, तर पहिल्या एक-दोन बिलांना वटाव सोडलेलाही बरा. पैसे देणं बाकी असतं तोवर खराब नग बदलून मिळण्याची शक्यता जास्त असते.

उधारीसाठी चेक मागितला तर?

नेहमीच्या गिऱ्हाइकाकडून होलसेलवाले अनेकदा तारीख-रक्कम न टाकलेला, सही केलेला चेक ठेवून घेतात. ‘नुसता सिक्युरिटीसाठी’ म्हणून दिलेला हा चेक कायद्याच्या दृष्टीने साधा कागद नाही. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल, तर तो देणं फेडण्यासाठीच दिला असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी चेक देणाऱ्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. चेक परत गेला, नोटीस मिळूनही १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो.

द्यायचाच असेल तर चेकवर रक्कम लिहा, ती कोणत्या बिलासाठी आहे याचा मेसेज पाठवून ठेवा आणि बिल फिटलं की चेक परत घ्या.

४५ दिवसांचा नियम कोणाला लागू?

‘९० दिवस उधारी’ अशा पोस्टही येतात. माल देणारा स्वतः उत्पादक असेल आणि उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार त्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. तुम्ही आयकरात खर्च दाखवत असाल, तर या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली जाते, त्याच वर्षी खर्चात धरता येते. मात्र दुसऱ्याचा माल विकणाऱ्या निव्वळ व्यापाऱ्याला विलंबित देयकाच्या या तरतुदीचं संरक्षण नाही. त्यामुळे बिलावर उद्यम नंबर आहे का आणि तो उत्पादक आहे की व्यापारी, हे पाहून ठेवा.

कॅटलॉग मागवताना काय तपासायचं?

होलसेलवाला कॅटलॉग देण्याआधी दुकानाचा फोटो, व्हिजिटिंग कार्ड किंवा जीएसटी नंबर मागतो, यात वावगं काही नाही. घाऊक भाव चिल्लर गिऱ्हाइकाच्या हाती पडू नये हा त्यामागचा हेतू असतो. पण कॅटलॉगसाठी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली तर तिथेच थांबा. कॅटलॉग पीडीएफ किंवा फोटोंच्या रूपात येतो. नावाच्या शेवटी `.apk` असलेली फाइल आली तर ती उघडू नका. ते मोबाइलमध्ये बसणारं अ‍ॅप असतं आणि अशा अ‍ॅपमधून बँकेचे ओटीपी चोरले जातात.

तुम्हीही त्याचा जीएसटी नंबर मागा. हा नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: गुजरात २४, महाराष्ट्र २७. पोस्टमध्ये ‘सुरतचे उत्पादक’ लिहिलंय आणि नंबर २७ ने सुरू होतोय, तर तो महाराष्ट्रातला व्यापारी असू शकतो. तो फसवाच असेल असं नाही, पण ‘थेट कारखान्याचा भाव’ हा दावा मग तपासावा लागतो. `services.gst.gov.in` वर लॉगिन न करता हा नंबर टाकला की मालकाचं किंवा फर्मचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. अ‍ॅडव्हान्स पाठवताना यूपीआयवर दिसणारं नाव याच नावाशी जुळतंय का ते बघा. दुसऱ्याच कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागितले जात असतील, तर पाठवू नका.

हे आधीच तपासायचं, कारण नंतरचे मार्ग कमी आहेत. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ग्राहक’ धरला जात नाही, त्यामुळे ग्राहक आयोगात तक्रार चालत नाही. खराब मालाचा वाद आपसात किंवा दिवाणी न्यायालयात सोडवावा लागतो. पैसे घेऊन नंबर बंद केला, अशी सरळ फसवणूक असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

ऑर्डर देण्याआधी हा एक मेसेज पाठवा

फोनवर ठरलेलं नंतर दोघांच्याही लक्षात वेगवेगळं राहतं. म्हणून पैसे पाठवण्याआधी सगळं एका मेसेजमध्ये लिहून समोरून ‘हो’ घ्या:

“भाऊ, ५ सेट, २० नग, २९५ प्रमाणे. साइज: एम ऐवजी एक्सएल दोन. जीएसटी ५%. भाडं माझ्याकडे. खराब नग माल मिळाल्यापासून ७ दिवसांत बदलून. पुढच्या बिलापासून ३० दिवस, माल मिळाल्याच्या तारखेपासून. बरोबर आहे का?”

पार्सल आलं की ते फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी जपून ठेवा. नग कमी निघाले, तर या मेसेजसोबत तोच तुमचा पुरावा. आणि या मेसेजला उत्तर देण्याऐवजी ‘आधी पैसे टाका, मग बोलू’ असं कुणी म्हणालं, तर भाव कितीही चांगला असला तरी ती ऑर्डर सोडून द्या. त्याऐवजी एक दिवस बसने अमरावतीला जाऊन कापड हाताने बघून आणलं, तर तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत.