कोन दुप्पट का होतो?
द्विघाती वक्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

वहीत हे समीकरण लिहा:

5x² + 4xy + 8y² = 36

यातले 4xy हे पद नसते, तर हा वक्र कोणता हे नुसते पाहून सांगता आले असते. विवृत्त, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातले लंबवर्तुळ, आणि त्याचे अक्ष आपल्या x आणि y अक्षांवरच. xy चे पद आले की ही सोय जाते. वक्र आता आपण आखलेल्या अक्षांशी तिरका उभा असतो. वक्र हलवणे आपल्या हातात नाही, अक्ष फिरवणे मात्र आहे. किती फिरवायचे, हे सांगणारे सूत्र बारावीनंतरच्या प्रत्येक निर्देशक भूमितीच्या पुस्तकात सापडते:

tan 2θ = 2h / (a − b)

इथे a हा x² चा सहगुणक, b हा y² चा, आणि 2h म्हणजे xy चा पूर्ण सहगुणक. वरच्या उदाहरणात 2h = 4, म्हणून h = 2. पुढे काही ठिकाणी h लागेल आणि काही ठिकाणी 2h, तेव्हा हा फरक आत्ताच पक्का करून घ्यावा.

हे सूत्र विद्यार्थ्यांना पाठ असते. पण अक्ष θ कोनातून फिरवायचे असताना सूत्रात 2θ कुठून आला, असे विचारले की वर्ग गप्प होतो. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने आधी याच प्रश्नापाशी थांबावे असे मला वाटते. त्याचे उत्तर कळले की सूत्राचा अर्थ उलगडतो आणि त्याचे धोकेही दिसू लागतात.

उत्तर वक्राच्या घडणीतच आहे. (2, 1) हा बिंदू वरच्या समीकरणात बसतो: 20 + 8 + 8 = 36. मग (−2, −1) हाही बसणारच, कारण x आणि y या दोघांची चिन्हे बदलली तरी x², xy, y² यांपैकी काहीच बदलत नाही. म्हणजे अक्ष 180° फिरवले तर समीकरण जसेच्या तसे राहते. आपल्याला एक पूर्ण फेरा 360° चा वाटतो, पण द्विघाती पदांचा फेरा 180° मध्येच पुरा होतो. आपण θ फिरलो की ती 2θ फिरलेली असतात.

आता हेच आकड्यांत पाहू. नवे अक्ष X आणि Y, जुन्यांपासून θ कोनात, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलेले:

x = X cos θ − Y sin θ
y = X sin θ + Y cos θ

हे मूळ समीकरणात घालून पदे गोळा केली की XY चा नवा सहगुणक मिळतो:

2h′ = 2h (cos²θ − sin²θ) − (a − b) · 2 sin θ cos θ

पहिल्या कंसातली राशी म्हणजे cos 2θ, आणि शेवटची म्हणजे sin 2θ. नव्या वर्गपदांच्या सहगुणकांची वजाबाकी केली, तर तिथेही हीच दोन माणसे भेटतात:

a′ − b′ = (a − b) cos 2θ + 2h sin 2θ
2h′ = 2h cos 2θ − (a − b) sin 2θ

या दोन ओळी शेजारी ठेवून जरा वेळ पाहाव्यात. एका वेगळ्या कागदावर आरंभबिंदूपासून (a − b, 2h) या बिंदूपर्यंत एक बाण काढा. वरच्या ओळी सांगतात की अक्ष θ फिरले की हा बाण उलट दिशेने 2θ फिरतो आणि त्याची लांबी तेवढीच राहते. xy चे पद घालवायचे म्हणजे हा बाण फिरवून आडव्या रेषेवर आणायचा. एवढेच काम आहे. tan 2θ चे सूत्र म्हणजे या बाणाचा चढ.

हा विषय जुना आहे; ओइलरने 1748 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात द्विघाती वक्रांचा पद्धतशीर अभ्यास आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र हा बाण दुसऱ्या नावाने भेटतो. ओटो मोर या जर्मन अभियंत्याने 1882 मध्ये मांडलेले प्रतिबलांचे वर्तुळ, म्हणजेच ‘मोर्स सर्कल’, याच गणितावर उभे आहे. तिथे a आणि b च्या जागी दोन लंब प्रतिबले असतात आणि h च्या जागी कर्तन प्रतिबल. तुळईतल्या एखाद्या बिंदूपाशी कर्तन प्रतिबल शून्य होईल अशी दिशा शोधणे आणि xy चे पद घालवणे ही गणिताच्या दृष्टीने एकच कृती आहे.

आपल्या उदाहरणाकडे येऊ. a = 5, b = 8, 2h = 4. बाण (−3, 4). तो दुसऱ्या चरणात आहे आणि त्याची लांबी 5. अक्ष फिरवले तरी a + b बदलत नाही, हे a′ आणि b′ ची बेरीज करून लगेच पडताळता येते. म्हणून नव्या सहगुणकांची बेरीज 13, आणि बाण आडवा झाल्यावर त्यांची वजाबाकी 5. ते सहगुणक 9 आणि 4. कोन अजून काढलाही नाही, तरी वक्र हाती आला:

9X² + 4Y² = 36, म्हणजे X²/4 + Y²/9 = 1

अर्ध-अक्ष 2 आणि 3. उरली दिशा. बाण (−3, 4) असल्यामुळे cos 2θ = −3/5 आणि sin 2θ = 4/5. त्यावरून cos²θ = (1 − 3/5)/2 = 1/5, sin²θ = 4/5 आणि tan θ = 2. नवा X अक्ष y = 2x या रेषेवर, सुमारे 63.4° वर आहे. लांब अक्ष त्याला काटकोनात.

आता एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने हेच गणित सोडवून वही माझ्यापुढे ठेवली. tan 2θ = −4/3 हे तिने बरोबर काढले होते. मग रिवाजाप्रमाणे काटकोन त्रिकोण काढला, समोरची बाजू 4, लगतची 3, कर्ण 5, आणि cos 2θ = 3/5 लिहिले. ऋण चिन्ह त्रिकोणात हरवले. त्यामुळे cos θ = 2/√5, sin θ = 1/√5 झाले आणि उत्तर आले 7.2X² + 5.8Y² = 36. मी सहगुणकांची बेरीज केली. 7.2 + 5.8 = 13. बरोबरची खूण करून वही परत दिली.

दुसऱ्या दिवशी ती आलेखाचा कागद घेऊन आली. तिने मूळ समीकरणात बसणारे पूर्णांकी बिंदू शोधले होते. (2, 1) तिच्या विवृत्तावर नेमका बसत होता. (−2, 2) मात्र बराच बाहेर पडत होता. मूळ समीकरणात तो बसतो: 20 − 16 + 32 = 36. तिच्या अक्षांवर X² = 0.8 आणि Y² = 7.2 येतात, आणि तिच्या समीकरणाची डावी बाजू होते 47.52.

चूक तिच्याइतकीच माझ्या तपासण्यात होती. अक्ष कितीही फिरवले, अगदी चुकीच्या कोनातून फिरवले, तरी a + b तेवढेच राहते. ती बेरीज कोनाची परीक्षा घेऊच शकत नाही. परीक्षा घेते दुसरी न बदलणारी राशी, ab − h². मूळ समीकरणात ती 40 − 4 = 36. मिश्र पद खरोखर गेले असेल, तर नव्या दोन सहगुणकांचा गुणाकार नेमका 36 यायला हवा. 9 × 4 = 36 हे बसते. 7.2 × 5.8 = 41.76 हे बसत नाही. फरक 5.76 चा, म्हणजे 2.4 च्या वर्गाचा. तिच्या अक्षांवर 4.8XY एवढे पद अजून शिल्लक होते आणि ते शून्य झाले असे आम्ही दोघांनी गृहीत धरले होते. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना आधी बाण काढायला सांगतो. बाण दुसऱ्या चरणात दिसत असताना cos 2θ धन लिहायला हात धजत नाही.

कॅल्क्युलेटर वापरणाऱ्याला आणखी एक गोष्ट भेटेल. tan⁻¹(−4/3) विचारले की तो −53.1° सांगतो, म्हणजे θ ≈ −26.6°. हे चुकीचे नाही. या अक्षांवर समीकरण 4X² + 9Y² = 36 होते. विवृत्त तेच, फक्त X आणि Y यांची अदलाबदल झाली. 90° च्या फरकाने असलेले सगळे कोन मिश्र पद घालवतात, कारण θ मध्ये 90° चा फरक म्हणजे बाणाचा अर्धा फेरा, आणि डावीकडे वळलेला बाणही आडवाच असतो. मात्र sin 2θ एका कोनावरून आणि cos 2θ दुसऱ्या कोनावरून घेतले, की वरच्या वहीतलीच चूक होते.

a = b असेल तर सूत्राचा छेद शून्य होतो आणि पुष्कळ जण तिथे अडतात. बाण अडत नाही. xy = 1 घ्या. बाण (0, 1), सरळ वर. त्याला आडवे करायला 2θ = 90°, म्हणून θ = 45°. बेरीज 0, वजाबाकी 1, म्हणून सहगुणक 1/2 आणि −1/2. समीकरण X² − Y² = 2, म्हणजे अपास्त. बाणाची लांबीच शून्य असेल, तर मात्र वक्र वर्तुळ आहे आणि दिशा विचारण्यात अर्थ नाही.

यातच या पद्धतीची मर्यादाही दिसते. मोजमापांतून आलेल्या सहगुणकांचा वक्र वर्तुळाच्या जवळचा असेल, तर बाण फार आखूड असतो. त्याचे टोक मोजण्याच्या चुकीने किंचित सरकले, तरी दिशा कुठल्या कुठे जाते. अशा वेळी अर्ध-अक्षांच्या लांबीवर विश्वास ठेवता येतो, कोनावर नाही. तसेच आलेखावर दोन्ही अक्षांचे प्रमाण एकच हवे. x साठी एक सेंटिमीटरला एक एकक आणि y साठी दोन, असे घेतले तर गणिताने दिलेला काटकोन कागदावर काटकोन दिसणार नाही, आणि बरोबर उत्तरही चुकीचे वाटेल.

समीकरणात x आणि y ची एकघाती पदे असली, तरी कोन ठरवण्यात त्यांचा वाटा नसतो. अक्ष फिरवताना ती आपसात मिसळतात, पण xy च्या पदाला स्पर्श करत नाहीत. त्यांची व्यवस्था नंतर आरंभबिंदू हलवून लावायची. अन्वस्ताच्या बाबतीत, म्हणजे ab = h² असेल तेव्हा, त्यातले एक पद शेवटपर्यंत उरते आणि ते उरायलाच हवे, नाहीतर अन्वस्त राहणारच नाही.

पुढचा अभ्यास सुरू करण्यापूर्वी एवढे करून पाहा. 3x² + 4xy + 3y² = 10 यासाठी बाण काढा, त्यावरून दोन सहगुणक आधी लिहा, आणि मगच अक्ष फिरवून पदे गोळा करा. दोन्हीकडून 5 आणि 1 आले, आणि त्यांचा गुणाकार ab − h² शी जुळला, तर कोन दुप्पट का होतो हे तुम्हाला आता दुसऱ्याला सांगता येईल.