फी परत नाही, तारीख पुढची: पावसाच्या सूचनेची कुळकथा

मे महिन्याच्या अखेरीस साकीनाक्यापासून घाटकोपरपर्यंत कुठेही टेनिस बॉलची स्पर्धा चालू असली आणि पाऊस आला, की निघणारी सूचना जवळपास एकाच साच्यातली असते. पावसामुळे शनिवार-रविवारचे उरलेले सामने पुढे ढकलण्यात येत आहेत. ते पुढच्या शनिवार-रविवारी त्याच मैदानावर होतील. भरलेली प्रवेश फी ग्राह्य धरली जाईल, परत मिळणार नाही. संघ वेळेत हजर न झाल्यास समोरच्या संघाला वॉकओव्हर देण्यात येईल. 2025 साली तर मान्सून मुंबईत 26 मे रोजीच, म्हणजे 11 जून या सरासरी तारखेच्या सोळा दिवस आधी दाखल झाला. मोसमाच्या शेवटच्या आठवड्यांवर भिस्त ठेवून आखलेल्या कार्यक्रमाचा अशा वर्षी बोऱ्या वाजतो. सूचनेतली पहिली दोन वाक्यं कोणीही लिहील. खरी गोम तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात आहे, आणि ती दोन्ही क्रिकेटने घोड्यांच्या शर्यतीकडून उचलली, असं माझं म्हणणं आहे.

पावसाचं क्रिकेट म्हटलं की मुंबईकर आधी कांगा लीगचं नाव घेतो. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ 1948 साली सुरू झालेली ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यातल्या रविवारांवर बेतलेली. पण आपल्या सूचनेचं मूळ तिथे सापडत नाही. लीगमध्ये एक रविवार वाहून गेला तर गुण वाटून घेता येतात. त्या एका सामन्यावाचून गुणतक्ता अडत नाही. बाद पद्धतीत ही सोय नाही. सोळा संघांतून एक विजेता काढायचा तर पंधरा सामने व्हावेच लागतात, आणि त्यातला एक अडला की पुढची फेरी खोळंबते. नवी तारीख देण्याची सक्ती येते ती बाद पद्धतीमुळे. एवढ्यावर फारसा वाद नाही.

वाद आहे फीबद्दल. क्रीडा-इतिहासाची आवड असलेले बहुतेक लोक इथे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या ‘रेन चेक’कडे बोट दाखवतात. गोष्ट गमतीदार आहे. तेव्हाची तिकिटं जाड पुठ्ठ्याची असत आणि फाटकावर परत घेऊन पुन्हा वापरली जात. पावसाने सामना थांबला की पुढच्या सामन्यासाठी तिकीट मागायला रांग लागे, आणि त्या रांगेत कुंपणावरून उडी मारून आलेले फुकटेही उभे राहत. न्यू ऑर्लिन्सचा ॲबनर पॉवेल याने 1880 च्या दशकाच्या शेवटी यावर तोडगा काढला म्हणतात: तिकिटाचा एक तुकडा फाडून प्रेक्षकाकडेच ठेवायचा, ज्याच्याकडे तुकडा, त्याला पुढचा सामना मोफत. पॉवेलच्या बाजूने त्याची स्वतःची म्हातारपणीची साक्ष आहे, आणि तीच त्याची कमजोरीही. ‘रेन चेक’ हा शब्द 1884 पासून छापलेला सापडतो, म्हणजे तुकड्याची युक्ती त्याची असेल, पण पावसाची भरपाई देण्याची चाल त्याच्या आधीची. श्रेय देताना इतकी काटछाट करावीच लागते.

आता हा रेन चेक साकीनाक्याच्या सूचनेला लावून बघा. तुकड्याचा हक्क कागदाला चिकटलेला असतो. तो खिशात घालून भाऊ गेला काय किंवा शेजारी गेला काय, फाटकावरचा माणूस नाव विचारत नाही. संघाच्या फीचं असं होत नाही. ती लॉट पाडताना नोंदलेल्या नावाला चिकटलेली असते. आपली जागा परस्पर दुसऱ्या संघाला दिली तर आयोजक ऐकून घेणार नाही. दुसरं असं, की प्रेक्षक पुढच्या तारखेला आला नाही तर तो एका सामन्याला मुकतो, बाकी कोणाचं काही बदलत नाही. संघ आला नाही तर समोरचा संघ न खेळता पुढे जातो आणि गैरहजर संघाची फी बक्षिसाच्या रकमेत तशीच राहते. असं वागणारा पैसा तिकिटाचा नसतो, तो पैजेचा असतो.

क्रिकेटमध्ये पैज काही मागाहून घुसलेली नाही. 1727 साली ड्यूक ऑफ रिचमंड आणि ब्रॉड्रिक यांनी दोन सामन्यांसाठी जो लेखी करार केला, त्यात प्रत्येक सामना दोन्ही बाजूंच्या बारा-बारा गिनींचा असेल असं स्पष्ट लिहिलं होतं. 1774 च्या नियमावलीत तर पैजांचा निवाडा कसा करायचा याचीही कलमं होती. त्या शतकातल्या सामन्यांच्या जाहिरातींत ‘खेळा नाहीतर पैसे भरा’ अशा अर्थाची ठरलेली अट छापली जाई. ही अट शर्यतीच्या मैदानावरची: नाव दिलंत, घोडा आणला नाहीत, तर पैज गेली. आपल्या चौथ्या वाक्यातला वॉकओव्हरही तिथलाच. प्रतिस्पर्धी घोडे आलेच नाहीत तरी उरलेल्या एकट्या घोड्याला ट्रॅकवरून चालत जावं लागे, तेव्हाच पैजेची रक्कम हाती पडे. टेनिस बॉलच्या स्पर्धेत समोरचा संघ आलेला नसतानाही पंच हजर संघाला मैदानात उभं करून खेळाडू मोजतो, आणि मगच वॉकओव्हर लिहितो. त्या चालत जाणाऱ्या घोड्याचाच हा वारसा, असं मी बेधडक म्हणतो. मुंबईत भायखळ्याला आणि पुढे 1883 पासून महालक्ष्मीला शर्यती भरत आल्या. शब्द मैदानांत पोचायला आणखी कुठला रस्ता शोधायची गरज नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, घोडे कशाला, फी परत देत नाहीत कारण ती खर्च झालेली असते. मुद्दा खरा आहे. उदाहरणादाखल सोळा संघ आणि प्रत्येकी तीन हजार फी धरली, तर जमतात अठ्ठेचाळीस हजार. त्यातून मैदान, चेंडू, पंच, मंडप, लाऊडस्पीकर आणि ट्रॉफ्यांची उचल आधीच गेलेली. शनिवारी पहिल्या फेरीचे पाच सामने आटोपल्यावर सर आली, म्हणजे पाच संघ हरून घरी गेले, त्यांची फी वसूल झाली. उरले तीन सामने, सहा संघ, आणि त्यातल्या एखाद्याची पुढच्या रविवारी दांडी ठरलेली: गावाला लग्न, निम्मी टीम तिकडे. त्याला तीन हजार परत दिले तर बक्षीस कमी होतं, आणि खेळून हरलेले पाच संघ विचारतात, आम्ही कोणत्या बक्षिसासाठी खेळलो? रिकाम्या गल्ल्यामुळे फार तर उशिरा परत करण्याचं समर्थन होतं. मुळीच परत न करण्याचं कारण या पाच संघांच्या प्रश्नात आहे, आणि तो पैजेच्या भागीदारांचा प्रश्न आहे. लॉट पडण्याआधीच पावसाने स्पर्धा रद्द झाली तर समंजस आयोजक फी परत करतात, कारण तोवर समोर प्रतिस्पर्धी उभा राहिलेला नसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘ग्राह्य’ हा शब्द तर तिकिटाचाच. 28 मे 2023 च्या रविवारी अहमदाबादला आयपीएलची अंतिम लढत पावसाने नाणेफेकीविनाच राहिली आणि सोमवारच्या राखीव दिवसावर गेली. आदल्या दिवशीचं छापील तिकीट चालेल, ते जपून ठेवा, असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं. हा निखळ रेन चेक, पॉवेलच्या तुकड्यासकट. तेव्हा शब्द तिथून आला हे मला मान्य आहे. शब्द तिकिटाचा आणि हिशोब पैजेचा, असं हे कलम झालेलं झाड आहे. फक्त तिकीटवाला अर्थ धरून चालणारा संघ नंतर आयोजकाशी हुज्जत घालतो. म्हणून सूचना लिहिताना ‘फी ग्राह्य’ एवढ्यावर थांबू नये. कोणासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि अर्धवट राहिलेला सामना तिथूनच पुढे सुरू होणार की नव्याने, हेही लिहावं.

आणि नवी तारीखही वाहून गेली तर? 2002 साली कोलंबोला चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्याचं असंच झालं. 29 सप्टेंबरला पाऊस, 30 ला सामना पहिल्या चेंडूपासून नव्याने, पुन्हा पाऊस. भारत आणि श्रीलंका संयुक्त विजेते. उपनगरातल्या स्पर्धांतही अशा वेळी पहिलं-दुसरं बक्षीस एकत्र करून निम्मं-निम्मं वाटतात. शर्यतीत दोन घोडे एकाच क्षणी रेषा ओलांडतात तेव्हा पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची रक्कम अशीच एकत्र करून दोन्ही मालकांत समान वाटली जाते.