टिनेल व फॅलेन चाचण्या

मनगटात मीडियन नर्व्ह दबल्याची शंका असल्यास या चाचण्या करतात. टिनेलमध्ये मनगटाच्या घडीवर, मधोमध, बोटाच्या टोकाने हलकेच टिचक्या मारतात. फॅलेनमध्ये दोन्ही पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटे 60 सेकंद पूर्ण वाकलेली ठेवतात. मुंग्या नेमक्या कुठे येतात, हेच खरे उत्तर. रात्री हात झटकत उठणाऱ्या रुग्णाला तिसाव्या सेकंदाला अंगठा, तर्जनी व मध्यमेत मुंग्या आल्या, तर संशय बळावतो. फक्त करंगळीत आल्या, तर दुसरी नस तपासावी. निरोगी माणसालाही कधी मुंग्या येतात, मग चाचणीला अर्थ काय, असा आक्षेप घेतात. तो रास्त आहे; म्हणूनच निकाल रुग्णाच्या तक्रारीशी जुळवून वाचावा. उलट, दीर्घकाळ दबून बधिर झालेली नस टिचकीला दादच देत नाही. तेव्हा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजला आहे का, हे पाहून चेतावहन तपासणी करावी.