जलशीर्ष आणि मस्तिष्क-मेरुद्रवाचा मार्ग : वॉल्टर डँडी यांचे प्रयोग व त्यांचा वारसा

प्रस्तावना

बालकाचे मस्तक असाधारण मोठे होत जाणारा जलशीर्ष हा विकार प्राचीन काळापासून वैद्यांना परिचित होता. मात्र साचलेले पाणी नेमके कोठे असते, याविषयी दीर्घकाळ संभ्रम होता. कवटी व मेंदू यांच्यामध्ये पाणी साठते, असा समज रूढ होता. शारीरशास्त्रज्ञ व्हेसेलियस याने आपल्या ग्रंथाच्या १५५५ च्या आवृत्तीत ऑग्सबर्ग येथील दोन वर्षांच्या एका मुलीची हकिगत नोंदविली. तिच्या शवविच्छेदनात पाणी मेंदूच्या बाहेर नव्हे, तर मेंदूच्या अंतर्गत पोकळ्यांमध्ये आढळले होते. स्थान कळले, परंतु पाणी तेथे का साचते, या प्रश्नाचे प्रयोगसिद्ध उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. प्रस्तुत निबंधात त्या उत्तराचा व त्यातून घडलेल्या उपचारांचा मागोवा घेतला आहे.

द्रवाचा मार्ग

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांना विवरे म्हणतात. दोन्ही गोलार्धांत एकेक पार्श्व विवर असते. ही दोन्ही विवरे मन्रोच्या छिद्रांमधून तिसऱ्या विवरात उघडतात. तिसरे विवर सिल्व्हियसच्या नलिकेने चौथ्याशी जोडलेले असते. ही नलिका एक-दोन मिलिमीटर रुंदीची असून संपूर्ण मार्गातील सर्वांत अरुंद टप्पा आहे. चौथ्या विवराच्या छिद्रांतून द्रव बाहेर पडतो आणि मेंदू व मेरुरज्जू यांच्या आवरणांमधील पोकळीत पसरतो.

हा द्रव मुख्यतः विवरांतील कोरॉइड जालिका या रक्तवाहिन्यांच्या गुच्छांपासून तयार होतो. प्रौढ व्यक्तीत दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव निर्माण होतो. परंतु कोणत्याही क्षणी शरीरात असलेला साठा सुमारे १५० मिलिलिटरच असतो. म्हणजेच हा साठा दिवसातून तीन-चार वेळा बदलला जातो आणि जेवढा द्रव तयार होतो तेवढाच रक्तात शोषला जातो. शोषण मंदावले तरी निर्मिती जवळजवळ पूर्वीच्याच गतीने चालू राहते, ही बाब येथे निर्णायक ठरते. मार्गात अडथळा आला की द्रव मागे तुंबतो आणि विवरे फुगू लागतात. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्यामुळे त्याचे डोके वाढते, टाळू ताणून वर येते आणि बुबुळे खाली झुकल्यासारखी दिसतात. प्रौढाची कवटी प्रसरण पावत नाही. त्यामुळे डोके वाढण्याऐवजी डोकेदुखी, उलट्या व दृष्टिदोष ही लक्षणे पुढे येतात.

बाल्टिमोर येथील प्रयोग

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी व बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफॅन यांनी आपले संशोधन १९१३ व १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी कुत्र्यांच्या सिल्व्हियस नलिकेत कापसाचा लहान बोळा बसवून ती बंद केली. काही आठवड्यांनी पाहता दोन्ही पार्श्व विवरे व तिसरे विवर फुगलेले आढळले. चौथे मात्र फुगलेले नव्हते. यावरून दोन निष्कर्ष निघाले. पहिला असा की, द्रव अडथळ्याच्या वरच्या बाजूला निर्माण होतो. दुसरा असा की, विवरांमध्ये त्याचे पुरेसे शोषण होत नाही. ते झाले असते तर विवरे फुगलीच नसती.

हे तत्त्व रुग्णांना लावण्यासाठी त्यांनी एका रंगद्रव्याचा उपयोग केला. फिनॉल-सल्फोन-थॅलीन हे रंगद्रव्य पार्श्व विवरात सोडून नंतर कमरेतून सुईने द्रव काढला जाई व मूत्रही तपासले जाई. मार्ग मोकळा असल्यास काही मिनिटांतच कमरेतील द्रवात रंग दिसे. पुढे तो रक्तावाटे मूत्रात उतरे. काही बालकांच्या कमरेतील द्रवात रंग पोहोचतच नसे. त्यांच्या बाबतीत अडथळा विवरांत किंवा त्यांच्या निर्गमद्वारांशी होता. इतर काहींच्या कमरेत रंग तत्काळ दिसे, परंतु मूत्रात अत्यल्प उतरे. म्हणजे मार्ग मोकळा होता, शोषण मात्र बिघडले होते. एकसारख्या दिसणाऱ्या मस्तकांमागे दोन भिन्न बिघाड असतात, हे या साध्या चाचणीने उघड केले. ‘अवरोधी’ व ‘संवादी’ जलशीर्ष हे आजही प्रचलित असलेले वर्गीकरण या भेदावर आधारलेले आहे.

तत्त्वातून उपचाराकडे

बिघाडाचे स्थान कळताच उपचारही त्यानुसार भिन्न ठरले. शोषण बिघडले असल्यास निर्मितीच कमी करावी, या विचाराने डँडी यांनी पार्श्व विवरांतील कोरॉइड जालिका काढून टाकली. १९१८ मध्ये त्यांनी नोंदविलेल्या चार बालकांपैकी तिघे दगावले. जालिका हाच द्रवाचा एकमेव स्रोत होय, हे त्यांचे गृहीतकही पुढे टिकले नाही. १९७१ मध्ये माकडांवरील प्रयोगांत मिल्होरात व सहकाऱ्यांना असे आढळले की, जालिका काढल्यानंतरही द्रवनिर्मिती घटते, पण थांबत नाही. अवरोधी प्रकारासाठी डँडी यांनी १९२२ मध्ये दुसरा मार्ग सुचविला. तिसऱ्या विवराच्या भिंतीला छिद्र पाडले, तर द्रव बंद नलिकेला वळसा घालून बाहेरच्या पोकळीत जाईल, असा त्यामागील तर्क होता. १९२३ मध्ये बॉस्टन येथील मिक्स्टर यांनी मूत्रमार्ग तपासण्याच्या दुर्बिणीने हीच शस्त्रक्रिया एका बालिकेवर केली. तथापि तत्कालीन साधने अपुरी असल्यामुळे ही पद्धत मागे पडली.

१९५६ मध्ये परिस्थिती पालटली. स्वतःच्या मुलाला जलशीर्ष झालेल्या जॉन होल्टर या अमेरिकन तंत्रज्ञाने शल्यचिकित्सक यूजीन स्पिट्झ यांच्यासाठी सिलिकोनची एकदिशा झडप तयार केली. ठराविक दाबाला ती उघडे. परंतु रक्त उलट शिरू देत नसे. या झडपेच्या नळीने विवरातील द्रव हृदयाकडे नेला जाई. पुढे उदरपोकळीत नेण्याची पद्धत रूढ झाली. नळीमुळे असंख्य बालके वाचली. मात्र तिने अडथळा दूर होत नाही. केवळ पर्यायी वाट मिळते. ही वाट तुंबते किंवा जंतुसंसर्गाने दूषित होते, तेव्हा सुस्ती, उलट्या व डोकेदुखी ही लक्षणे परततात आणि तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास मृत्यू ओढवू शकतो.

शल्यचिकित्सा जेथे दूर असते, तेथे ही मर्यादा जीवघेणी ठरते. युगांडातील म्बाले येथे बेंजामिन वॉर्फ यांच्यासमोर हाच प्रश्न होता. तेथील अनेक बालकांना नवजात अवस्थेतील जंतुसंसर्गानंतर जलशीर्ष होत असे. वॉर्फ यांनी २००१ पासून डँडी यांच्या दोन्ही जुन्या कल्पना एकत्र आणल्या. दुर्बिणीने तिसऱ्या विवराला छिद्र पाडायचे आणि त्याच वेळी जालिका जाळून निर्मिती घटवायची, अशी ही पद्धत होती. १०० बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने बौद्धिक विकासाच्या दृष्टीने ही पद्धत व नळी यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे आयुष्यभर नळीवर अवलंबून न ठेवणारा पर्याय तितकाच समर्थनीय ठरला. त्या पद्धतीने सर्वच बालके बरी होत नाहीत, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष

डँडी यांचे उपचार त्यांच्या हयातीत फारसे यशस्वी झाले नाहीत आणि द्रवाच्या एकमेव स्रोताविषयीचे त्यांचे मतही चुकीचे ठरले. टिकला तो त्यांचा प्रश्न : द्रव नेमका कोठे अडला आहे? रंगद्रव्याची जागा आज प्रतिमाचित्रणाने घेतली आहे. परंतु छिद्र पाडावे की नळी बसवावी, हा निर्णय घेताना शल्यचिकित्सकाला आजही प्रथम याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते.